धागा: रोधक आणि बल्ब – आलेखात गुणोत्तर नक्की कोणाचं स्थिर? (आमच्याकडे दोघांचंही नाही!)

सोनचाफा
मुलगी नववीत आहे. शाळेत ओहमचा नियम शिकवून झाला आणि घरचा उपक्रम दिला: एक रोधक आणि एक बल्ब घ्या, दोघांचे व्होल्टेज-करंटचे आलेख काढा आणि कोणाचं गुणोत्तर स्थिर राहतं ते सांगा. नवऱ्याकडे कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय आहे. रोधक २२ ओहमचा, तो पांढरा सिमेंटचा, १० वॅटवाला. बल्ब गाडीच्या पार्किंग लाइटचा, १२ व्होल्ट ५ वॅट. मल्टिमीटर साधाच, करंटसाठी १० अँपिअरच्या भोकात वायर घातली. हे आकडे आले:

रोधक
०.५ व्होल्ट – ०.०२ अँपिअर – भागाकार २५
१ व्होल्ट – ०.०५ – २०
३ व्होल्ट – ०.१४ – २१.४
६ व्होल्ट – ०.२७ – २२.२
९ व्होल्ट – ०.४१ – २२.०
१२ व्होल्ट – ०.५४ – २२.२

बल्ब
०.५ व्होल्ट – ०.०७ – ७.१
१ व्होल्ट – ०.१० – १०
३ व्होल्ट – ०.१९ – १५.८
६ व्होल्ट – ०.२८ – २१.४
९ व्होल्ट – ०.३६ – २५
१२ व्होल्ट – ०.४२ – २८.६

बल्बचं बदलतंय हे दिसतंच आहे. पण रोधकाचंही २५, २०, २१.४ असं नाचतंय की! मुलगी म्हणते, "आई, मग दोघांचंही स्थिर नाही असं लिहू का?" वर तिच्या मैत्रिणीच्या गटाने अगदी तसलाच बल्ब घेऊन सरळ रेष काढली आहे. त्यांनी ५, ६ आणि ७ व्होल्टलाच मोजलं: ०.२५, ०.२८, ०.३१. पट्टी लावून बघितली, खरंच सरळ येते. आता काय सांगू?

गणोबा
बल्ब म्हणजे आमचे साहेब. गरम झाले की त्यांच्याकडून पुढे काही सरकत नाही.

आंबोळी
आमच्याकडे सगळे एलईडी बल्ब आहेत, ९ वॅटचे. व्होल्टेज कमी झालं तरी उजेड तेवढाच राहतो. म्हणजे एलईडीचं गुणोत्तर स्थिर असतं असं म्हणायचं का? आणि बिल कमी येण्याचं कारण हेच का?

खटपट्या
आंबोळी, इथे तारेच्या बल्बचं चाललंय.

सोनचाफा, सोपं आहे. रोध म्हणजे आलेखाचा उतार. रोधकाची रेष सरळ, म्हणून उतार एकच. बल्बची वाकडी, म्हणून प्रत्येक बिंदूला स्पर्शिका काढायची आणि तिच्या उतारावरून त्या बिंदूचा रोध काढायचा. बल्ब ओहमचा नियम मोडतो, विषय संपला. रोधकाचे पहिले दोन आकडे चुकले असतील, खोडून टाका.

प्रयोगवही
खोडू नका. मी तीस-एक वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली. तिथे पोरांना पहिलं सांगायचो ते हेच, की न पटलेला आकडा खोडायचा नाही, त्याच्या शेजारी कारण लिहायचं.

तुमच्या मीटरचा शेवटचा आकडा ०.०१ अँपिअरचा आहे. मीटर ०.०२ दाखवतो तेव्हा खरा करंट ०.०१५ ते ०.०२५ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे ०.५ व्होल्टला भागाकार २० पासून ३३ पर्यंत काहीही निघेल. तुमचा २५ त्यात बसतो, २२ सुद्धा बसतो. आता १२ व्होल्टला या. ०.५४ म्हणजे ०.५३५ ते ०.५४५, आणि भागाकार २२.० ते २२.४. चूक मीटरच्या शेवटच्या आकड्याची तेवढीच आहे, पण खाली करंटच लहान असल्यामुळे ती मोठी होऊन बसते.

हाच न्याय बल्बला लावून बघा. ०.५ व्होल्टला ०.०७ म्हणजे ०.०६५ ते ०.०७५. भागाकार फार तर ६.७ ते ७.७. त्याला कितीही ओढलंत तरी २८ होणार नाही. रोधकाचं नाचणं मीटरचं आहे, बल्बचं चढणं बल्बचं आहे. शिवाय रोधकाचे आकडे २२ च्या दोन्ही बाजूंना पडलेत आणि बल्बचे एकाच दिशेने चढत गेलेत. नुसत्या मीटरच्या चुकीने असं ओळीने चढत नाही.

खालचे आकडे मिलिअँपिअरच्या भोकात वायर घालून पुन्हा घ्या. पण २०० मिलिअँपिअरच्या वर जाऊ नका, आतला फ्यूज उडेल.

तात्या_वायरमन
गाडीच्या बल्बचं सोडा, घरच्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बची गंमत सांगतो. नवीन शिकाऊ पोरगा आला की मी त्याला तो बल्ब हातात देऊन ओहमवर मोजायला लावतो. येतात ४० च्या आसपास. मग म्हणतो, आता २३० चा वर्ग भागिले ४० कर. उत्तर तेराशे वॅटच्या पुढे. पोरगं बल्बवरचा शिक्का बघतं, मीटर बघतं, मग माझ्याकडे बघतं. पेटल्यावर तोच बल्ब ५२९ ओहमचा होतो, तेव्हा कुठे १०० वॅट जमतात.

हे नुसतं कागदावरचं नाही बरं. एका लग्नाच्या मांडवात दहा हॅलोजन एका स्विचवर घेतले होते. चालू केले की एमसीबी पडायचा. हिशेबाने लोड बसत होता. शेवटी दोन-दोन करून चालू केले, मग रात्रभर काही झालं नाही. थंड तार पहिल्या क्षणी दहापट करंट ओढते. बल्बही बहुतेक वेळा बटण दाबतानाच उडतो, चालू असताना क्वचित.

सोनचाफा
प्रयोगवही काका, मीटरचं लक्षात आलं. उद्या पुन्हा मोजतो. पण मैत्रिणीच्या सरळ रेषेचं काय? तिथे तर तिन्ही बिंदू पट्टीवर बसतात.

शून्य_ते_शंभर
त्याआधी खटपट्यांच्या "नियम मोडतो" वर आक्षेप. नियमाच्या वाक्यात "वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना" असं स्पष्ट आहे. तापमान भौतिक अवस्थेत आलं. बल्बची तार दिव्यात हजारो अंशांवर जाते, अवस्था कायम राहिलीच नाही, मग नियम लागू कुठे होतो आणि मोडतो कुठे?

खटपट्या
हा वकिली मुद्दा झाला. दर वेळी "अवस्था बदलली" म्हणायचं आणि नियम वाचवायचा. मग असा नियम कधी मोडणारच नाही.

शून्य_ते_शंभर
मोडेल की. डायोड घ्या, तापमान तसंच ठेवा, तरी गुणोत्तर बदलतं. म्हणजे तिथे खरोखर लागू होत नाही. बल्ब आणि डायोड दोघांची रेष वाकडी, पण वाकण्याची कारणं वेगळी आहेत.

प्रयोगवही
मैत्रिणीच्या रेषेकडे येतो, कारण या धाग्यातली खरी मजा तिथे आहे.

तिचे तीन बिंदू सरळ रेषेत आहेत हे खरं. आता ती रेष पट्टीने मागे, शून्य व्होल्टपर्यंत वाढवा. दर व्होल्टला करंट ०.०३ ने वाढतोय. ५ व्होल्टला ०.२५ आहे, तर पाच व्होल्ट मागे गेल्यावर ०.२५ वजा ०.१५, म्हणजे ०.१० अँपिअर उरतो. व्होल्टेज शून्य आणि बल्बमधून ०.१० अँपिअर वाहतोय! असा बल्ब मिळाला तर मला कळवा, मी दुकान टाकतो.

म्हणजे रेष सरळ असणं पुरेसं नाही, ती शून्यातून गेली पाहिजे. गुणोत्तर स्थिर असण्याचा अर्थच तो आहे: व्होल्टेज निम्मं केलं की करंट निम्मा. मैत्रिणीच्याच आकड्यांचा भागाकार करा: २०, २१.४, २२.६. रेष सरळ, तरी गुणोत्तर चढतंय. कोणत्याही वळणाचा लहान तुकडा तोडला तर तो सरळच दिसतो. गाव नदीच्या काठावर असेल तर गावापुरती नदी सरळच वाहते.

रोधकाचे ५, ६, ७ व्होल्टचे आकडे घेऊन तीच रेष मागे वाढवा, ती शून्याजवळ येऊन पडेल.

खटपट्या, तुमच्या स्पर्शिकेचाही निकाल यातच लागतो. ६ व्होल्टला बल्बचा भागाकार २१.४ ओहम. स्पर्शिकेने काढाल तर २ व्होल्टला ०.०६ अँपिअर, म्हणजे ३३ ओहम. या दोनपैकी कोणता रोध धरून ६ व्होल्टला ०.२८ अँपिअर मिळतो?

खटपट्या
२१.४.

बरं, मान्य. पण स्पर्शिकेला काहीच अर्थ नाही असंही म्हणू नका. ६ चं ६.५ केलं तर करंट किती वाढेल हे ३३ वरूनच निघतं, २१.४ वरून नाही. डायोडला आम्ही रोज हेच करतो.

प्रयोगवही
अर्थ आहे. फक्त त्याला बल्बचा रोध म्हणायचं नाही, एवढंच. आणि डायोडची सवय बल्बला लावताना एक खड्डा आहे. तुमचं ६ चं ६.५ सावकाश केलंत तर ३३ बरोबर, कारण तारेला आणखी तापायला वेळ मिळतो. तेच वर-खाली सेकंदाला हजारो वेळा केलंत तर तारेचं तापमान हलतच नाही, आणि त्या चढउताराला बल्ब साध्या २१ ओहमच्या रोधकासारखा दिसतो.

आमच्याकडे एकदा ट्रान्सफॉर्मरवरून १२ व्होल्ट एसी देऊन बल्बचा आलेख सीआरओच्या पडद्यावर काढला होता. आडवं व्होल्टेज, उभा करंट. वाकडी रेष दिसेल म्हणून विद्यार्थी वाट बघत होते आणि पडद्यावर जवळजवळ सरळ रेष उमटली, तीही बरोबर शून्यातून जाणारी! ५० हर्ट्झच्या एका फेऱ्यात तार थंड व्हायला पुरेसा वेळच नव्हता. मग व्होल्टेज हळूहळू कमी केलं, तर रेष सरळच राहिली, फक्त तिचा कल बदलत गेला. थंड तारेची उभी, गरम तारेची आडवी.

शून्य_ते_शंभर
म्हणजे तापमान कायम राहिलं की बल्बसुद्धा नियम पाळतो. मी हेच सांगत होतो.

खटपट्या
तुम्ही वाक्य सांगत होता. काकांनी बल्ब दाखवला.

गणोबा
साहेबांना भडकायला आणि निवायला वेळच दिला नाही तर ते सरळ वागतात. उद्या ऑफिसात करून बघतो. राजीनाम्याचा धागा वेगळा काढेन.

आंबोळी
माझ्या एलईडीचं कोणीच सांगितलं नाही.

तात्या_वायरमन
आंबोळी, तुमच्या एलईडी बल्बच्या पोटात ड्रायव्हरची पट्टी असते. व्होल्टेज पडलं की ती करंट जास्त ओढते आणि वॅट तेवढेच ठेवते. निदान बऱ्यापैकी ड्रायव्हर तरी तसंच करतो. म्हणजे एक कमी झालं की दुसरं वाढतं. गुणोत्तर स्थिर नाहीच, उलट तुमचा गुणाकार स्थिर! बिल कमी येतं ते १०० च्या जागी ९ वॅट लागतात म्हणून.

सोनचाफा
पुन्हा मोजलं आणि नवीनच घोळ झाला.

मिलिअँपिअरच्या भोकात रोधक लावला. सप्लायवर ०.५ व्होल्ट, करंट २१.६ मिलिअँपिअर. भागाकार २३.१. १ व्होल्टला ४३.३, पुन्हा २३.१. म्हणजे आता स्थिर आला, पण २२ चा २३ कसा झाला? बल्बही ०.०५ व्होल्टला मोजला, १५.१ मिलिअँपिअर, म्हणजे ३.३ ओहम. हे खरं मानायचं का? दोन्हीकडे जवळजवळ १ ओहम कुठून तरी घुसल्यासारखा वाटतोय.

प्रयोगवही
वाटतोय नाही, घुसलाच आहे, आणि तो तुमच्या मीटरच्या पोटात आहे. २०० मिलिअँपिअरच्या रेंजला आत एक लहान रोधक असतो, बऱ्याच स्वस्त मीटरांत तो १ ओहमचाच असतो. तुम्ही व्होल्टेज सप्लायच्या टोकांवर वाचलंत, म्हणजे बल्ब आणि मीटर दोघांचं मिळून वाचलंत. २२ ओहमला त्या एकाने फार फरक पडत नाही, पण थंड बल्बला तो अर्ध्याच्या आसपास जातो.

दुसरा मीटर मागून आणा आणि त्याच्या दोन्ही सुया थेट बल्बच्या टोकांना टेकवा. होल्डरलासुद्धा नाही, बल्बच्या पितळी भागाला.

आणि हो, बल्बला प्रत्येक व्होल्टेजला पाच-दहा सेकंद द्या. नुकताच १२ वर असलेला बल्ब लगेच ०.०५ वर आणून मोजू नका. तो डोळ्यांना विझलेला दिसतो तेव्हाही आत कोमट असतो.

खटपट्या
मुलीने १ ओहम स्वतः ओळखला असेल तर तिला पाच मार्क जास्त द्या.

सोनचाफा
तिनेच ओळखला. मी तर सिमेंट रोधक खराब आहे म्हणून दुकानात परत द्यायला निघाले होते.

शून्य_ते_शंभर
जॉर्ज ओहमलासुद्धा असलाच त्रास झाला होता. त्याच्या आधीच्या प्रयोगांत विद्युतघट करंट घेता घेता उतरायचे आणि आकडे हलायचे. १८२६ साली त्याने घट सोडून तांबं आणि बिस्मथच्या जोडाचा स्रोत वापरला. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तेव्हा कुठे आकडे स्थिर झाले. पॉवर सप्लाय मिळाला हे तुमचं नशीब. टॉर्चचे सेल लावले असते तर बल्ब आणि सेल दोघेही बदलत राहिले असते.

गणोबा
बर्फ आणि उकळतं पाणी घरी मागितलं तर "चहा हवा का सरबत, एक काय ते ठरव" असं उत्तर येईल.

तात्या_वायरमन
एक शंका. गरम झालं की रोध वाढतो हे सगळ्या बल्बांना लागू आहे का? आमचे आजोबा जुन्या कोळशाच्या तारेच्या बल्बांबद्दल सांगायचे. ते म्हणायचे, त्यांना बटण दाबताना झटका बसत नाही.

प्रयोगवही
तात्या, आजोबा बरोबर होते. टंगस्टनच्या आधीच्या दिव्यांत कार्बनची तार असायची आणि कार्बनचा रोध तापल्यावर कमी होतो. त्याचा आलेख तुमच्या बल्बच्या उलट बाजूला वाकेल. गुणोत्तर त्याचंही स्थिर नाही, पण ते उतरत जाईल. म्हणून "बल्बची रेष नेहमी अशीच वाकते" असं लिहू नये, "टंगस्टनच्या तारेची" असं लिहावं.

सोनचाफा
शेवटचे आकडे. शेजारच्या काकांकडून दुसरा मीटर आणला, सुया थेट बल्बवर टेकवल्या. रोधक: ०.५ व्होल्टला २२.६ मिलिअँपिअर, १ व्होल्टला ४५.३. दोन्हीकडे २२.१. बल्ब: ०.०५ व्होल्टला २१.६ मिलिअँपिअर, म्हणजे २.३ ओहम. १२ व्होल्टचा २८.६ होताच. बाराएक पट!

आलेख असा झालाय: दोन्ही रेषा शून्यातून निघतात. बल्बची आधी उभी चढते, मग लवत जाते आणि साडेसहाच्या जरा अलीकडे रोधकाच्या रेषेला छेदते. तिथे दोघांचा भागाकार एकच, २२. मुलीने त्या बिंदूला गोल करून खाली लिहिलंय: "इथे दोघे सारखे, पण बल्ब फक्त जाता जाता." हे वाक्य ठेवायचं का, यावर घरात वाद चाललाय.

शून्य_ते_शंभर
वाक्य ठेवा. पण अक्ष कसे घेतलेत? काही पुस्तकांत करंट आडवा घेतात. तसा घेतला तर बल्बची रेष लवण्याऐवजी वर उचलली जाईल आणि तपासणारे वाक्य वाचून गोंधळतील.

सोनचाफा
व्होल्टेज आडवं, करंट उभा. नावं मोठ्या अक्षरात लिहायला सांगते. शाळेला कोणता हवा हे वहीत कुठेच नाही.

प्रयोगवही
आणि मैत्रिणीची रेष?

सोनचाफा
काल ती घरी आली होती. हिने तिच्या वहीत पेन्सिलने रेष मागे वाढवून ०.१० दाखवला आणि विचारलं, व्होल्टेज नसताना हा करंट कुठून आला? मैत्रीण जराही न डगमगता म्हणाली, "आधीचा उरला असेल."

गणोबा
तिला आमच्याकडे अकाउंट्सला पाठवा.